पाठपोट छापायच्या प्रबंधाचे समास आणि बांधणीची जागा

विद्यापीठाच्या नियमपत्रकात समासांविषयी एकच वाक्य होते: डावीकडे दीड इंच आणि उरलेल्या तिन्ही बाजूंना एक इंच. प्रबंध पाठपोट छापण्यास हरकत नाही, असे त्याच पत्रकात पुढे म्हटले होते. मात्र कागद उलटल्यावर ‘डावीकडे’ म्हणजे नेमके कुठे, याचा खुलासा केलेला नव्हता. एकाच बाजूला छापलेल्या प्रबंधात शिवण नेहमी डावीकडे येते, म्हणून दीड इंच तिकडे सोडायचे. पाठपोट छपाईत मात्र समोरच्या बाजूची शिवण डावीकडे आणि पाठीमागच्या बाजूची उजवीकडे येते, त्यामुळे त्या वाक्याचा सरळ अर्थ ‘शिवणीकडे दीड इंच’ असाच घ्यावा लागतो. मार्गदर्शकांनाही हाच अर्थ मान्य झाल्यावर मी वर्डमध्ये मांडणी करायला घेतली.

वर्डमध्ये हे काम जिथून होते ती चौकट Layout या टॅबवर Margins आणि त्याखाली Custom Margins निवडल्यावर उघडते. तिच्यात Multiple pages नावाची यादी आहे आणि ती सुरुवातीला Normal वर असते. तिथे Mirror margins निवडले, की वर लिहिलेले Left आणि Right हे शब्द बदलून त्यांच्या जागी Inside आणि Outside येतात, आणि Gutter position ही निवड बंद पडते, कारण बांधणीची जागा आता आतल्या बाजूलाच असणार हे वर्डने गृहीत धरलेले असते. विषम क्रमांकाच्या पृष्ठावर आतली बाजू डावी, सम क्रमांकाच्या पृष्ठावर आतली बाजू उजवी, असा साधा हिशेब त्यामागे आहे. या हिशेबात वर्ड पृष्ठाचा क्रमांक पाहतो. ते पृष्ठ प्रत्यक्षात कागदाच्या कोणत्या अंगाला छापले जाणार आहे, हे त्याला कळण्याचा मार्ग नसतो. पुढे जे काही निस्तरावे लागले, ते बहुतेक सगळे या एका गोष्टीतून आले.

आकडे भरण्याआधी Gutter काय करते हे नीट समजून घेणे आवश्यक आहे. Gutter मध्ये भरलेला आकडा Inside मध्ये मिळवला जातो. Inside मध्ये दीड इंच म्हणजे 38 मिमी भरून वर पुन्हा Gutter मध्ये 13 मिमी दिले, तर शिवणीकडे 51 मिमी मोकळी जागा राहते आणि मजकुराचा पट्टा विनाकारण अरुंद होतो. मी Inside 25 मिमी, Gutter 13 मिमी आणि Outside 25 मिमी असे ठेवले. शिवणीकडची एकूण जागा 38 मिमी झाली, नियम पाळला गेला, आणि ए4 कागदाच्या 210 मिमी रुंदीतून 63 मिमी वजा जाऊन मजकुरासाठी 147 मिमी उरले. खरे तर Inside मध्येच 38 आणि Gutter मध्ये शून्य भरूनही छापील पृष्ठ तंतोतंत तसेच दिसले असते. तरी दोन आकडे वेगळे ठेवण्यात सोय आहे, कारण वाचकाला दिसणारा समास किती आणि बांधणीत जाणारी जागा किती, हे त्या चौकटीत स्वतंत्रपणे दिसते आणि बांधणीचा प्रकार बदलला तर एकाच आकड्याला हात लावावा लागतो.

बांधणीसाठी 13 मिमी पुरतील का, हा प्रश्न वर्डला विचारून उपयोग नव्हता. ज्यांच्याकडे बांधणी होणार होती त्यांनी सांगितले, की पुठ्ठ्याच्या बांधणीत सगळे कागद कण्याच्या बाजूने आडवे टोचून शिवले जातात आणि नंतर उरलेल्या तीन कडा सुमारे 3 मिमी कापून सारख्या केल्या जातात. त्याच पद्धतीने बांधलेला, साधारण तेवढ्याच जाडीचा एक जुना प्रबंध मी मधोमध उघडून पट्टीने मोजला. शिवण आणि तिच्यालगत कागदाला येणारा बाक मिळून 12 मिमीच्या आसपास जागा दिसेनाशी होत होती. याचा अर्थ माझ्या 38 मिमीपैकी वाचकाला सुमारे 26 मिमी दिसणार होते, आणि बाहेरच्या 25 पैकी कापून 22 उरणार होते. डोळ्यांना हे दोन्ही समास जवळपास सारखे वाटतात, म्हणून 13 हा आकडा कायम केला. स्पायरल बांधणी असती तर पाने पूर्ण उलगडली असती आणि फक्त भोकांची पट्टी वगळावी लागली असती, तेव्हा याहून कमी जागेत भागले असते. जाडी वाढली की मात्र बाक वाढतो. 80 जीएसएमचा कागद साधारण 0.1 मिमी जाड असतो, तेव्हा 240 पृष्ठांचे 120 कागद आणि त्यांची जाडी सुमारे 12 मिमी, असा माझा हिशेब होता. प्रबंध याच्या दुप्पट जाड असता तर 13 मिमीवर मी विसंबून राहिलो नसतो.

आकडे ठरल्यावर ते सगळीकडे लागू करण्याचा भाग आला, आणि तिथे वर्डची एक खोड लक्षात ठेवावी लागते. Mirror margins ही निवड संपूर्ण फाइलची असते. चौकटीत तळाशी Apply to समोर This section असले, तरी समासांची उलटापालट सगळ्या विभागांना एकदम लागू होते. Inside, Outside आणि Gutter यांचे आकडे मात्र प्रत्येक विभागाचे स्वतःचे असतात. माझ्या फाइलमध्ये प्रत्येक प्रकरण वेगळ्या विभागात होते, त्यामुळे पहिल्या प्रकरणात उभे राहून नुसते OK दाबले असते तर पहिल्या प्रकरणाला 13 मिमी Gutter मिळाले असते आणि दुसऱ्यापासून पुढे शून्यच राहिले असते. पडद्यावर हा फरक चटकन दिसत नाही. मी Ctrl+A ने सगळा मजकूर निवडून चौकट उघडली. असे केले की ज्या आकड्यांबाबत विभागाविभागांत फरक आहे त्या जागा रिकाम्या दिसतात, आणि कुठे एकसारखेपणा नाही याचा त्यातूनच पत्ता लागतो. माझ्या फाइलमध्ये Outside ची जागा रिकामी आली. शोधल्यावर चौथ्या प्रकरणात, बहुधा दुसऱ्या फाइलमधून तक्ते आणताना, उजवा समास 20 मिमी होऊन बसला होता.

मजकुराचा पट्टा अरुंद झाल्याचे परिणाम लगेच दिसू लागले. पूर्वी चारही बाजूंना एक इंच समास होता तेव्हा पट्टा 159 मिमी होता. तो 12 मिमीने आकसल्यावर प्रकरणांची पृष्ठे 210 वरून 226 वर गेली. म्हणूनच हे काम अनुक्रमणिका आणि सूची पक्की करण्याच्या आधी उरकलेले बरे. पृष्ठे वाढली ती फिल्ड्स अद्ययावत करून सांभाळता आली, पण चित्रांकडे एकेक करून पाहावे लागले. ओळीत बसवलेले 155 मिमी रुंदीचे चित्र 147 मिमीच्या पट्ट्यात मावत नाही. ते डाव्या समासापासून सुरू होते आणि उजवीकडे 8 मिमी बाहेर येते. विषम पृष्ठावर हे 8 मिमी बाहेरच्या समासात जातात आणि फार तर ओबडधोबड दिसतात. सम पृष्ठावर उजवी बाजू शिवणीची असते, त्यामुळे आलेखाची उजवी कडा थेट बांधणीच्या दिशेने सरकते. तक्त्यांचेही तसेच. जी चित्रे मोकळी सोडलेली होती, म्हणजे ज्यांच्या भोवतीने मजकूर वाहत होता, त्यांची आडवी जागा मी पृष्ठाच्या कडेपासूनच्या ठरावीक अंतराऐवजी Book layout मध्ये Inside किंवा Outside अशी दिली. ठरावीक अंतर पृष्ठ उलटले तरी तेवढेच राहते. Book layout मात्र पृष्ठासोबत बाजू बदलते.

पृष्ठ क्रमांक आणि शीर्षकपट्टी यांची गंमत वेगळी आहे. Mirror margins मुळे समास उलटतात, पण उजवीकडे लावलेला क्रमांक प्रत्येक पृष्ठावर उजवीकडेच राहतो. सम पृष्ठावर तो शिवणीत शिरतो. त्यासाठी शीर्षकपट्टीत Different Odd & Even Pages सुरू करून सम पृष्ठांचा क्रमांक डावीकडे आणि विषम पृष्ठांचा उजवीकडे असा वेगवेगळा लावावा लागतो, आणि हीसुद्धा संपूर्ण फाइलला लागू होणारी निवड आहे. माझ्या शीर्षकपट्टीत डावीकडे प्रकरणाचे नाव आणि उजवीकडे क्रमांक असे टॅबने लावलेले होते. हा उजवा टॅब जुन्या पट्ट्याच्या टोकाला, 159 मिमीवर, खिळलेला होता. सम पृष्ठावर पट्टा डाव्या कडेपासून 25 मिमीवर सुरू होतो, तेव्हा क्रमांक 184 मिमीवर जाऊन पडत होता, म्हणजे शिवणीसाठी सोडलेल्या जागेत चांगला 12 मिमी आत. टॅब हाताने 147 वर आणता आला असता, पण मी तो काढून Insert Alignment Tab वापरला, कारण तो समासाशी बांधलेला असतो आणि पट्ट्याची रुंदी पुन्हा बदलली तरी क्रमांक टोकालाच राहतो.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे क्रमांक आणि कागदाची बाजू यांची सांगड. विषम पृष्ठ कागदाच्या दर्शनी बाजूला आणि सम पृष्ठ त्याच्या पाठीमागे छापले गेले, तरच समास शिवणीकडे येतात. फाइल अखंड असेल आणि क्रमांक 1 पासून सलग असतील तर हे आपोआप घडते. प्रबंधात तसे नसते. सुरुवातीची पृष्ठे रोमन अंकांत असतात, मग पहिल्या प्रकरणापासून 1 सुरू होतो. माझी रोमन पृष्ठे xiii वर संपत होती. तेरा विषम, आणि त्यापुढचा 1 हाही विषम; दोन विषम पृष्ठे एकाच कागदाच्या दोन बाजूंना असू शकत नाहीत. म्हणून पहिल्या प्रकरणाच्या आधी Breaks मधून Odd Page हा विभागभंग घातला. त्यामुळे मधे एक कोरे पृष्ठ येते आणि प्रकरण नव्या कागदावर सुरू होते. पुढच्या प्रत्येक प्रकरणाआधीही तोच भंग ठेवला. हे कोरे पृष्ठ लिहिण्याच्या पडद्यावर दिसत नाही. दुसरे प्रकरण 41 वर संपले आणि तिसरे 43 वर सुरू झाले, एवढेच दिसते, आणि 42 हरवले की काय अशी शंका येते. छपाईच्या पूर्वदृश्यात आणि पीडीएफमध्ये ते हजर असते. त्याच्यावर क्रमांक किंवा शीर्षक काहीही छापले जात नाही.

मुखपृष्ठावर क्रमांक नको म्हणून तिथून 0 ने सुरुवात करायची, म्हणजे पुढचे पृष्ठ आपोआप 1 होते, अशी एक युक्ती बऱ्याच तयार साच्यांमध्ये असते. एकाच बाजूच्या छपाईत ती निरुपद्रवी आहे. पाठपोट मांडणीत मात्र 0 ही सम संख्या ठरते आणि मुखपृष्ठाचा आतला समास उजवीकडे जातो, म्हणजे शीर्षकच बांधणीच्या दिशेला सरकते. साच्यातून आलेली ही 0 ची सुरुवात काढून मी मुखपृष्ठाला i दिला आणि Different First Page वापरून तो न दिसेल असे केले.

खरी कसोटी सही झालेल्या प्रमाणपत्रांनी लावली. मार्गदर्शकांचे प्रमाणपत्र मी फाइलमध्येच iii वर ठेवले होते, त्याच्या पाठीमागे iv कोरे. सही झाल्यावर स्कॅन आला तो पीडीएफमधील तिसऱ्या पृष्ठाच्या जागी बदलून टाकला. त्यात काही अडचण नव्हती, कारण एक पृष्ठ गेले आणि एकच आले. पण त्यानंतर साहित्यचौर्य तपासणीचे प्रमाणपत्र अगदी शेवटच्या टप्प्यावर एका सुट्या पृष्ठाच्या रूपात आले आणि ते प्रतिज्ञापत्राच्या आधी लावायचे होते. ते पीडीएफमध्ये चौथ्या पृष्ठानंतर नुसते घुसवले, तर ते पाचवे पृष्ठ होते आणि ज्या प्रतिज्ञापत्रावर v आहे ते सहाव्या जागी, म्हणजे कागदाच्या पाठीमागे जाते. v ची मांडणी उजव्या बाजूच्या पृष्ठाची आहे. तिचा 38 मिमीचा समास डावीकडे आहे आणि सहाव्या जागी डावी बाजू म्हणजे बाहेरची कड. तिथून शेवटच्या पृष्ठापर्यंत एकूण एक समास उलटा पडतो: शिवणीत 25 मिमी जातात, बाहेर 38 मोकळे राहतात. पीडीएफ एकेरी पृष्ठांत वाचणाऱ्याला यातले काहीही खटकत नाही, प्रत्येक पृष्ठ जसेच्या तसे असते. हे बांधून झाल्यावरच उघडे पडणारे दुखणे आहे.

यावर उपाय दोन. एक म्हणजे प्रमाणपत्र घुसवताना त्याच्यामागे एक कोरे पृष्ठही घुसवायचे, म्हणजे पृष्ठे नेहमी जोडीने वाढतात आणि बाजू बिघडत नाही. दुसरा म्हणजे वर्डमध्येच त्या प्रमाणपत्रासाठी Odd Page भंगाने जागा राखायची आणि नंतर पीडीएफमध्ये ते पृष्ठ बदलायचे. मी दुसरा स्वीकारला, कारण त्यामुळे अनुक्रमणिकेतील रोमन क्रमांकही बरोबर येतात. पहिल्या उपायात घुसवलेली पृष्ठे क्रमांकांच्या हिशेबाबाहेर राहतात. प्रतिज्ञापत्र vii वर सरकले, रोमन पृष्ठे xv पर्यंत गेली आणि कोरे धरून सोळा झाली. तपासायला सोपा हिशेब असा, की छापील क्रमांक आणि पीडीएफमधील जागा यांतील फरक सम असला पाहिजे. पृष्ठ 1 पीडीएफमध्ये 17 व्या जागी होते, फरक 16. पृष्ठ 43 हे 59 व्या जागी, फरक तोच. कुठेही हा फरक विषम निघाला, तर त्याच्या मागे कुठेतरी एक पृष्ठ कमी किंवा जास्त आहे. अ‍ॅक्रोबॅटमध्ये Two Page View सोबत Show Cover Page in Two Page View सुरू केले, की पहिले पृष्ठ एकटे उजवीकडे येते आणि पुढची पृष्ठे उघडलेल्या पुस्तकासारखी जोडीने दिसतात. मोठे समास मधोमध एकमेकांना भिडलेले दिसले पाहिजेत.

आडव्या तक्त्यांची पृष्ठे या नियमाला जुमानत नाहीत. Landscape पृष्ठ प्रबंधात उभे बांधले जाते, तेव्हा तक्त्याची वरची किंवा खालची बाजू शिवणीकडे जाते, आणि Inside–Outside ची भाषा तिथे लागू पडत नाही. सगळे आडवे तक्ते एकाच दिशेने वळवून वाचता यावेत, अशी अपेक्षा असते. मग दर्शनी बाजूच्या तक्त्याचा माथा शिवणीकडे आला, तर पाठीमागच्या तक्त्याचा पाया शिवणीकडे येतो. मजकूर मागेपुढे झाला की तक्ता कोणत्या बाजूला पडेल हे सांगता येत नाही, म्हणून त्या विभागांत Gutter शून्य करून वरचा आणि खालचा असे दोन्ही समास मी 38 मिमी केले. 210 मधून 76 जाऊन तक्त्याला 134 मिमी उंची राहते. एक लांब तक्ता त्यात बसला नाही. तो दोन पृष्ठांवर तोडून दुसऱ्यावर शीर्षओळ पुन्हा येईल असे केले.

छपाईला देण्याआधी दहा कागदांचा नमुना छापून घेतला. उभ्या पृष्ठांसाठी लांब कडेवर उलटणारी पाठपोट छपाई, Flip on long edge, निवडायची असते. आखूड कडेवर उलटली तर पाठीमागचा मजकूर डोक्यावर उभा राहतो, आणि ते निदान लगेच कळते. न कळणारी गोष्ट मापाची आहे. पीडीएफ छापताना Fit निवडलेले असेल तर पृष्ठ थोडे आकसते आणि सगळे समास किंचित वाढतात; Actual size निवडून, छापलेल्या कागदावर मजकुराचा पट्टा पट्टीने मोजला आणि तो 147 भरल्यावर पुढे गेलो. त्यानंतर एक कागद खिडकीपाशी उजेडात धरला. समास बरोबर उलटले असतील तर दोन्ही बाजूंचे मजकुराचे पट्टे एकमेकांवर चपखल बसतात आणि मागच्या ओळींची कडा पुढच्या कडेमागे लपते. उलटले नसतील तर मागचा पट्टा 13 मिमीने बाजूला सरकलेला दिसतो, म्हणजे 38 आणि 25 मधला फरक तेवढाच, आणि तो नजरेला लपत नाही. प्रिंटर स्वतः कागद मिलिमीटरभर इकडेतिकडे घेतो, त्याची चिंता करू नये.

विद्यापीठाला छापील प्रतींबरोबर पडद्यावर वाचायची प्रतही हवी होती. त्या प्रतीत समास पृष्ठागणिक डावीउजवीकडे उड्या मारतात, ते वाचताना त्रासदायक होते. Mirror margins काढून Gutter शून्य करायचा मोह होतो, पण तसे केले तर पट्टा 160 मिमी होतो, ओळी बदलतात आणि दोन प्रतींचे पृष्ठ क्रमांक जुळत नाहीत. मी फाइलची वेगळी प्रत करून Multiple pages पुन्हा Normal केले, आणि उभ्या पृष्ठांच्या विभागांत Gutter शून्य, Left आणि Right दोन्ही 31.5 मिमी ठेवले. आडव्या पृष्ठांना हात लावला नाही. एकूण बेरीज 63 च राहिल्यामुळे पट्टा 147 वरच राहिला. एकही ओळ हलली नाही आणि अनुक्रमणिका दोन्ही प्रतींत तीच चालली.